बुकेची किंमत कशी काढायची? फुलांच्या दांड्या, रॅपिंग, रिबिन आणि मार्जिन यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या सगळ्या उत्तरांत एकच बुके घेतला आहे: 12 गुलाब, 3 फांद्या जिप्सी, 5 पाने, दोन तुकडे कागद आणि एक रिबिनीची बो. आकड्यांपुढे मुद्दाम चलन लावलेले नाही. दर आपापले घालावेत, हिशोबाची रीत तीच राहते.

एका दांडीची किंमत म्हणजे बंचची किंमत भागिले दांड्या, एवढेच ना?

एवढेच नाही, आणि बहुतेक हिशोब इथेच चुकतो. समजा 20 गुलाबांचा बंच 250 ला पडला. भागाकार करून 12.50 ही दांडीची किंमत धरली, तर त्यात दोन गोष्टी राहून जातात. पहिली, तो बंच दुकानापर्यंत आणण्याचा खर्च. या बंचच्या वाट्याला तो 20 आला असे धरू. दुसरी, बंच उघडल्यावर बाद होणाऱ्या दांड्या. एखादीची मान मोडलेली असते, एखाद्या कळीवर बुरशीचे करडे डाग असतात, एखादी इतरांपेक्षा आखूड निघते. वीसमधल्या दोन बाद झाल्या तर हाती 18 राहतात.

म्हणजे 270 भागिले 18, दांडीला 15. साडेबारा आणि पंधरा यांत अडीचचाच फरक दिसतो, पण तो 20 टक्क्यांचा आहे. बारा गुलाबांच्या बुकेत तो 30 होतो, आणि हे 30 सरळ नफ्यातून जातात.

आपल्याकडे किती बाद होतात हे अंदाजाने ठरवू नये. आलेला प्रत्येक बंच उघडताना बाद दांड्या मोजून वहीत लिहाव्यात, फूल आणि पुरवठादार यांप्रमाणे वेगवेगळ्या. महिनाभरात आपला खरा आकडा हाती येतो. एकाच पुरवठादाराचा माल सारखा जास्त बाद होत असेल, तर त्याचा दर दिसायला कमी असूनही तो महाग पडतो.

माल घेतानाच खराब दांडी कशी ओळखायची?

गुलाबाच्या कळीचा खालचा भाग, जिथे पाकळ्या देठाला जुळतात तो, दोन बोटांत हलका दाबून पाहावा. टणक लागला तर फूल ताजे. मऊ आणि पोकळ लागला तर ते बरेच दिवस काढलेले आहे. सर्वांत बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट किंवा कडा काळवंडलेल्या असल्या तर काळजी नाही, त्या आतल्या पाकळ्यांचे संरक्षण करतात आणि बुके बांधताना काढल्या की फूल स्वच्छ दिसते. डाग आतपर्यंत गेला असेल तर मात्र ती दांडी घेऊ नये.

कळीखालचा देठ वाकून फूल मान टाकते तेव्हा बहुधा देठातून पाणी वर चढत नसते. देठाच्या तोंडाशी हवा अडकलेली असते किंवा घाण पाण्यातल्या जिवाणूंनी ते तोंड बुजलेले असते. म्हणून आल्याबरोबर खालून 2–3 सेंमी देठ धारदार सुरीने तिरका कापावा, पाण्यात बुडणारी सगळी पाने काढावीत आणि स्वच्छ बादलीत फुलांना काही तास पाणी पिऊ द्यावे. हे काम टाळले तर बंचमधल्या दोनऐवजी चार दांड्या बाद होऊ शकतात, आणि मग 270 भागिले 16, म्हणजे दांडी जवळजवळ 17 ला पडते. बादली धुण्याचा आळस असा किमतीत उतरतो.

दांडी मोजायची की फूल?

हिशोबात नेहमी दांडी, कारण खरेदी दांडीवर होते. गिऱ्हाईक मात्र फुले मोजते. साध्या गुलाबात दोन्ही एकच असल्याने प्रश्न येत नाही. स्प्रे गुलाब, स्प्रे कार्नेशन, शेवंती किंवा लिली यांच्या एका दांडीवर अनेक फुले वा कळ्या असतात, तिथे दोघांचे आकडे जुळत नाहीत. अशा बुकेचा दर सांगताना "लिलीच्या तीन दांड्या" असे म्हणावे. "दहा फुले" असे म्हटले आणि त्यातल्या चार कळ्या न उमलताच राहिल्या तर तक्रार ठरलेली.

जिप्सीचे गणित आणखी वेगळे आहे. तिच्या जाड दांडीला फाटे असतात आणि बुकेत संपूर्ण दांडी जात नाही, फाटे तोडून वापरतात. म्हणून बंच फोडल्यावर वापरण्याजोग्या फांद्या किती निघाल्या ते मोजावे. आपल्या उदाहरणात वाहतुकीसह 100 च्या बंचमधून 10 फांद्या निघाल्या, म्हणजे फांदी 10 ला. पाने बंचमागे 60 ला 20 निघाली, म्हणजे पान 3 ला.

फुलांचा हिशोब असा झाला: गुलाब 12 × 15 = 180, जिप्सी 3 × 10 = 30, पाने 5 × 3 = 15. एकूण 225.

कागदाचा खर्च कसा धरायचा? मीटरने?

मीटरने धरला तर थोडा कमी लागतो. कागद मीटरने संपत नाही, तुकड्यांनी संपतो. 58 सेंमी रुंद, 10 मीटर लांब रोल 240 ला घेतला आणि 60 सेंमीचे तुकडे कापले, तर 16 तुकडे निघतात आणि शेवटी 40 सेंमी उरतो. तो तुकडा या बुकेच्या कामाचा नाही. म्हणून 240 भागिले 16, तुकडा 15 ला. दोन तुकड्यांचे 30. मीटरच्या दराने तेच 28.80 आले असते.

दोन तुकडेच का? बारा गुलाबांच्या गोल बुकेचा वरचा व्यास साधारण 22 सेंमी येतो, त्याचा घेर जवळजवळ 69 सेंमी. एक 60 सेंमीचा तुकडा पूर्ण वेढा घालू शकत नाही. दोन तुकडे एकमेकांवर चढवून, चुण्या घालून व्यवस्थित बसतात. सहा गुलाबांचा व्यास 15 सेंमीच्या आसपास असतो, घेर 47, तिथे एक तुकडा पुरतो. तुकड्यांची संख्या बुकेच्या घेरावर ठरते, फुलांच्या संख्येवर थेट नाही. म्हणूनच पसरट उमललेली फुले किंवा भरपूर जिप्सी असली की कमी दांड्यांतही कागद वाढतो.

कागदाच्या आत टिश्यूचा एक ताव, 3. देठांना ओला कापूस, त्यावर छोटी पिशवी आणि रबर, 2. ही पिशवी वगळण्याचा मोह आवरावा. ओलावा झिरपून बाहेरचा कागद तळाशी विरघळला की सगळे रॅपिंग पुन्हा करावे लागते, म्हणजे 2 वाचवायला जाऊन आणखी 30 चा कागद आणि पाच-दहा मिनिटे जातात.

रॅपिंग एकूण 35.

बो करायला रिबिन नेमकी किती लागते?

डोळ्यांनी "हातभर" घेतली की कधी 1 मीटर जाते, कधी अडीच. एकदा मोजून ठेवावे. देठांच्या मुठीचा व्यास 4 सेंमी धरला तर घेर साधारण 12.5 सेंमी, दोन वेढे म्हणजे 25. बोला चार पाकळ्या, प्रत्येक 10 सेंमी लांब. पाकळी जाऊन परत येते, म्हणून एकीला 20 सेंमी, चौघींना 80. खाली सोडलेली दोन टोके 25 सेंमीची, म्हणजे 50. गाठीला 10. बेरीज 165 सेंमी, आणि टोके तिरकी वा व्ही आकारात कापताना जाणारे 5 सेंमी धरून 1.70 मीटर.

20 मीटरच्या रोलमधून अशा 11 बो निघतात आणि थोडा तुकडा उरतो. रोल 66 ला असेल तर बो 6 ला. गळा लहान असलेल्या छोट्या बुकेला थोडी कमी लागेल, पण इतक्या फरकासाठी वेगळा हिशोब ठेवू नये. सॅटिनची कापलेली टोके उसवतात. म्हणून टोक सरळ न कापता तिरके कापावे, आणि उसवलेले टोक दिसले की सेंटीमीटरभर पुन्हा कापावे.

शुभेच्छापत्र आणि पिन मिळून 4 धरू.

मजुरी किमतीत धरायची का? बुके तर मीच बांधतो.

धरायचीच. स्वतः बांधताना मजुरी शून्य धरली, तर पुढे माणूस ठेवताच तोच बुके अचानक तोट्याचा दिसू लागतो. शिवाय मोठे आणि वेळखाऊ बुके स्वस्तात विकले जातात, कारण त्यांच्या वेळेला किंमतच नसते.

बांधायला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजावा. त्यात काटे-पाने काढणे, दांड्या तिरक्या फिरवत मूठ बांधणे, कागद, बो आणि आवराआवर, सगळे धरावे. आपल्या बुकेला 15 मिनिटे. तासाचा दर 120 धरला तर 30.

आता खर्चाची बेरीज: फुले 225, रॅपिंग 35, रिबिन 6, पत्र व पिन 4, मजुरी 30. एकूण 300.

मार्जिन 40 टक्के ठेवायचे आहे. 300 वर 40 टक्के म्हणजे 420 ना?

नाही. ही या व्यवसायातली सर्वांत महाग गफलत आहे. 300 वर 40 टक्के चढवले की 420 होतात, पण याला मार्कअप म्हणतात, आणि मार्कअपचा टक्का खर्चावर मोजतात. मार्जिनचा टक्का विक्रीच्या किमतीवर मोजतात. 420 च्या विक्रीत 120 उरतात, म्हणजे मार्जिन साधारण 28.6 टक्के. दुकानदार समजतो की आपण शंभरातले 40 राखतो, प्रत्यक्षात राखतो 29 पेक्षा कमी.

40 टक्के मार्जिन म्हणजे किमतीच्या शंभरातले 60 खर्च. मग:

```
किंमत = खर्च / (1 - मार्जिन)
      = 300 / (1 - 0.40)
      = 500
```

500 मधले 300 खर्च, 200 उरले, आणि 200 हे 500 चे 40 टक्के. पडताळा जमला. 420 आणि 500 यांतला 80 चा फरक दर बुकेमागे न दिसता जातो, म्हणून कुणी टक्का सांगितला की पहिला प्रश्न विचारावा, कशावर?

कार्ड किंवा ॲपवरून पैसे घेताना विक्रीच्या रकमेवर शुल्क कापले जात असेल, तर तेही याच भाजकात येते, खर्चात मिळवून चालत नाही. 2 टक्के शुल्क असेल तर 300 भागिले 0.58, म्हणजे 517.24. कर किमतीत धरायचा की वर वेगळा लावायचा हे आपल्या नियमांप्रमाणे. मात्र कराचे पैसे मार्जिनमध्ये मोजू नयेत, ते आपले नसतात.

हे सगळे स्प्रेडशीटमध्ये कसे मांडायचे?

B2 मध्ये फुले, B3 मध्ये रॅपिंग, B4 मध्ये रिबिन व पत्र, B5 मध्ये मजुरी, B6 मध्ये मार्जिन, B7 मध्ये विक्रीवरचे शुल्क. किमतीच्या चौकटीत:

```
=CEILING(SUM(B2:B5)/(1-B6-B7),10)
```

225, 35, 10, 30, 40% आणि 2% घातले की 517.24 वर चढून 520 येतात. शेवटचा 10 हा किंमत किती-कितीच्या टप्प्याने वर न्यायची ते सांगतो; 5 च्या टप्प्याने हवी तर तिथे 5 लिहा. B6 मध्ये 40% ऐवजी नुसते 40 लिहिले तर उत्तर शून्य, उणे किंवा चुकीचा संदेश येईल. तसे दिसले की पहिल्यांदा टक्क्याचे चिन्ह तपासावे. किंमत पूर्णांकात आणताना नेहमी वर न्यावी, खाली नाही. खाली आणलेला प्रत्येक रुपया वा पैसा नफ्यातलाच असतो.

40 टक्केच का? मार्जिन कुठून ठरवायचे?

शेजारच्या दुकानाकडे पाहून ठरवू नये, त्याचे भाडे आपल्याला भरायचे नसते. मार्जिनमधून आलेली रक्कम सगळी नफा नसते. जागेचे भाडे, वीज, फुले ठेवण्याचे कूलर, फोन, जाहिरात, हे सगळे त्यातूनच जाते.

समजा महिन्याचा असा ठरलेला खर्च 30,000 आहे आणि बुकेमागे 200 सुटतात. 30,000 भागिले 200, म्हणजे 150 बुके विकले तर महिना फक्त भरून निघतो. 200 विकले तर वरच्या 50 बुकेंचे 10,000 खरे उरतात. 120 च विकले तर 6,000 चा खड्डा. आता आपला महिन्याचा खप साधारण 120 च असेल, तर 40 टक्क्यांनी भागणार नाही. बुकेमागे किमान 250 सुटायला हवेत, म्हणजे किंमत 550 आणि मार्जिन 45 टक्क्यांच्या जरा वर. ती किंमत गिऱ्हाइकाला झेपत नसेल तर प्रश्न मार्जिनचा उरत नाही. मग भाडे किंवा खप बदलावा लागतो.

एक खबरदारी. ज्या माणसाचा पगार महिन्याच्या ठरलेल्या खर्चात धरला आहे, त्याचीच बुके बांधण्याची मजुरी वर 30 म्हणून पुन्हा धरली तर ती दोनदा मोजली जाते. दोन्हीपैकी एकच जागा ठरवावी. मजुरी बुकेत धरणे बरे, कारण मग जास्त वेळ खाणारा बुके आपोआप महाग होतो.

बाद दांड्या धरल्या, तरी महिन्याअखेर हिशोबाएवढे पैसे उरत नाहीत. का?

बहुधा न विकलेल्या फुलांमुळे. घट दोन ठिकाणी होते. एक बंच उघडताना, ती आपण 18 धरून मोजली. दुसरी बादलीत उभ्या-उभ्या सुकणाऱ्या चांगल्या दांड्यांची. त्या 18 मधल्या 3 गिऱ्हाइकाची वाट बघत गेल्या, तर 270 भागिले 15, दांडी 18 ला पडली. बारा गुलाबांचे 180 ऐवजी 216, बुकेचा खर्च 336. किंमत 500 च ठेवली असेल तर मार्जिन 40 वरून 32.8 टक्क्यांवर आले. कागदावर सगळे बरोबर, गल्ल्यात कमी, याचे हे नेहमीचे कारण.

म्हणून भाजकात "वापरण्याजोग्या दांड्या" न धरता "विकल्या गेलेल्या दांड्या" धराव्यात, चार आठवड्यांच्या सरासरीने. एका आठवड्याच्या आकड्यावर विसंबू नये, तो मागणीप्रमाणे फार उड्या मारतो. आणि ही घट धरली की दर वाढवण्याआधी ती कमी करता येते का पाहावे: कमी बंच पण जास्त वेळा घेणे, आणि फुले योग्य थंडाव्यात ठेवणे. गुलाबाला 1 ते 4 अंश सेल्सिअस मानवते. अँथुरियम किंवा ऑर्किडसारखी उष्ण प्रदेशातली फुले त्याच कूलरमध्ये ठेवली तर थंडीने काळपट पडतात. पिकती फळे कूलरमध्ये ठेवूच नयेत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कार्नेशन लवकर मिटते आणि मग ते उघडत नाही.

फुले सुकत नसतील आणि तरी तूट असेल, तर दांड्या बुकेतच जादा जात आहेत. बांधणारा "जरा भरगच्च दिसू दे" म्हणून तेरावा गुलाब घालतो. त्या एका दांडीचे 15 गेले की सुटणारे 200 चे 185 होतात, मार्जिन 37 टक्के. ओळखायची खूण सोपी आहे: घेतलेल्या दांड्या = बिलांवरच्या + टाकून दिलेल्या + शिल्लक. ही बेरीज जुळत नसेल तर फरक बुकेंतून बाहेर गेला आहे. यावर ओरडण्यापेक्षा प्रत्येक बुकेचा दांड्यांचा तक्ता बांधण्याच्या टेबलावर चिकटवणे जास्त उपयोगी पडते.

24 गुलाबांचा बुके 12 च्या दुप्पट किमतीला विकायचा का?

दुप्पट लावला तर थोडा महाग पडेल. सहा गुलाबांच्या बुकेत फुले 90, दोन फांद्या जिप्सी 20, तीन पाने 9, एक तुकडा कागद धरून रॅपिंग 20, रिबिन 6, पत्र 4, दहा मिनिटांची मजुरी 20. एकूण 169, आणि 40 टक्के मार्जिनने 281.67. चोवीस गुलाबांत फुले 360, जिप्सी 50, पाने 24, तीन तुकडे कागद, दोन ताव टिश्यू आणि मोठी पिशवी मिळून रॅपिंग 55, रिबिन 8, पत्र 4, पंचवीस मिनिटांची मजुरी 50. एकूण 551, किंमत 918.33.

गुलाबामागे पाहिले तर सहाच्या बुकेत 47 च्या आसपास, बाराच्यात 41.67, चोवीसच्यात 38 च्या थोडे वर. पत्र, बो आणि टेबल मांडण्या-आवरण्याचा वेळ दांड्यांच्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून मोठा बुके दांडीमागे स्वस्त होतो. उलट बाजूने लक्षात ठेवण्यासारखे म्हणजे, बाराच्या किमतीला दोनने भागून सहाचा बुके 250 ला विकला तर मार्जिन 32.4 टक्केच राहते. छोटे बुके जास्त खपणाऱ्या दुकानात हीच चूक मोठी होते.

गिऱ्हाईक म्हणाले "अजून तीन गुलाब घाला", तर किती वाढवायचे?

3 × 15 = 45 हा खर्च, भागिले 0.6, म्हणजे 75. नुसते 45 वाढवले तर त्या तीन गुलाबांवर मार्जिन शून्य. बुके आधीच बांधून तयार असेल आणि तो उकलून कागद बदलावा लागत असेल, तर एका तुकड्याचे 15 भागिले 0.6, आणखी 25. हा "वाढीव दांडीचा दर" फुलांप्रमाणे आधीच काढून ठेवावा, इथे गुलाबाला 25. गर्दीत गणिते करत बसायला वेळ नसतो.

आणि "400 मध्ये बसवा" म्हणाले तर?

उलट्या बाजूने या. 400 × 0.6 = 240 एवढाच खर्च चालेल. त्यातून आधी न बदलणारे काढा: रॅपिंग 35, रिबिन 6, पत्र 4, मजुरी 30, म्हणजे 75. उरले 165. जिप्सी आणि पाने 45. उरलेल्या 120 मध्ये 15 च्या दराने 8 गुलाब. गिऱ्हाइकाला "आठ गुलाबांचा छान बसेल" असे सांगावे. बारा गुलाब कायम ठेवून कागद हलका करायचा विचार टिकत नाही. रॅपिंग पूर्ण काढून टाकले तरी खर्च 265, म्हणजे किंमत 441 च्या पुढेच. पैसा फुलांत असतो, कागदात नाही. काटकसर करायची तर दांड्यांच्या संख्येत किंवा फुलाच्या प्रकारात करावी.

10 टक्के सूट दिली तर नफा 10 टक्क्यांनीच कमी होतो ना?

500 चा बुके 450 ला गेला, खर्च 300 तसाच. 200 चे 150 उरले, म्हणजे सुटणारी रक्कम 25 टक्क्यांनी घटली. तेवढेच पैसे परत मिळवायला एक-तृतीयांश जास्त बुके विकावे लागतील: 3 च्या जागी 4. सूट द्यायचीच असेल तर संध्याकाळी उरलेल्या, उद्या न टिकणाऱ्या फुलांवर द्यावी. ती दांडी उद्या शून्याची होणार असते, आणि तिथे सूट हिशोबात बसते.

मागणीच्या दिवसांत गुलाब दुप्पट महाग होतो. तेव्हाही 40 टक्केच लावायचे?

दांडी 15 वरून 30 झाली तर बुकेचा खर्च 480. 40 टक्क्यांनी किंमत 800. पण जागेचे भाडे आणि बांधण्याचा वेळ दुप्पट झालेला नाही, म्हणून काही जण टक्का सोडून बुकेमागची रक्कम राखतात: 480 + 200 = 680. यात मार्जिन 29.4 टक्के दिसते, तरी महिन्याचा खर्च पूर्वीइतकाच भरून निघतो.

आमच्या मते 680 ही तळाची रेघ धरावी, विक्रीची किंमत नाही. त्या दिवसांत फुले उरत नाहीत हे खरे, पण उरली तर 30 ची दांडी वाया जाते, जादा माणसांना जास्त मजुरी द्यावी लागते आणि घाईत बाद होणाऱ्या दांड्याही वाढतात. 680 आणि 800 यांच्यामध्ये, आपल्या मागच्या खेपेच्या उरलेल्या दांड्यांचा आकडा पाहून किंमत ठरवावी. तो आकडा लिहून ठेवला नसेल तर 800 च्या बाजूला राहिलेले बरे.

फुलांना तिप्पट, साहित्याला दुप्पट हा ठोकताळा वापरला तर चालेल का?

चालेल, पण मूळ खरेदीच्या दरावर, आणि वरच्या रीतीत मिसळून नाही. त्या तिपटीत घट, वाहतूक आणि महिन्याचा खर्च आधीच गृहीत धरलेले असतात. घट धरून काढलेल्या 225 ला पुन्हा तिप्पट केले तर एकाच सुकलेल्या दांडीचे पैसे दोनदा लावले जातात. झटपट अंदाज सांगायला ठोकताळा ठीक. पाच-सहा नेहमीच्या बुकेंचा मात्र वरच्यासारखा पूर्ण हिशोब करून ठेवावा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. फार अंतर असेल तर ठोकताळ्याचा गुणक आपल्या दुकानाला लागू नाही.

सांगितलेला दर किती दिवस पाळायचा?

गुलाबाची किंमत ज्या खरेदीवर काढली तो माल संपेपर्यंत. पुढच्या तारखेची ऑर्डर घेताना दर सांगावा, पण पावतीवर दांड्यांची संख्या आणि "फुलांच्या त्या दिवसाच्या दराप्रमाणे फरक पडू शकतो" हे लिहून घ्यावे. दांडीचा दर 15 वरून 17 झाला तर बारा गुलाबांचा खर्च 24 ने वाढतो, किंमत 40 ने. इतक्या फरकापर्यंत आपण सोसायचे की गिऱ्हाइकाला कळवायचे, हे ऑर्डर घेतानाच बोलून ठेवावे.